साहेबांना सीसीत ठेवून काढलेले वाभाडे: लेखी उत्तर कसे द्यावे

सोमवारी रात्री नऊ वाजून बारा मिनिटांनी आलेला एक मेल डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहीत आहे. भोसरीतल्या एका कारखान्यात मी तेव्हा नियोजन विभागात होतो. वाहनांचे सुटे भाग तिथे बनत असत. मेल आला होता गुणवत्ता विभागातल्या एका कनिष्ठ अभियंता मुलीला आणि पाठवणारे होते विक्री विभागाचे व्यवस्थापक. टूमध्ये ती एकटी होती, तर सीसीत अकरा जण होते: तिचे विभागप्रमुख, प्लँट हेड, विक्री संचालक, एचआर, आणि बाकीचे त्या कामाशी काडीचाही संबंध नसलेले. आपल्याकडच्या कंपन्यांतले असे मेल बहुधा इंग्रजीत असतात, तसाच हाही होता. त्याचा मराठी आशय असा:

«तीन वेळा आठवण करूनही नमुन्यांचा तपासणी अहवाल मिळालेला नाही. ग्राहकासमोर कंपनीची नाचक्की झाली आहे. इतक्या साध्या कामाचेही गांभीर्य नसावे हे अत्यंत खेदजनक आहे. हे असेच चालणार असेल तर वरिष्ठांनी लक्ष घालावे. अहवाल उद्या सकाळी दहापर्यंत हवा.»

वरिष्ठांना सीसीत घेतलेला प्रत्येक मेल अपमानासाठी असतो असे मुळीच नाही. दोनदा थेट विचारून उत्तर आले नाही तर विषय वर नेणे हा कामाचाच भाग आहे, आणि तसा मेल आला तर रुसून बसण्यात अर्थ नसतो. फरक ओळखायला तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, हा मेल येण्याआधी त्या व्यक्तीने तुम्हाला एकट्याला किंवा तुमच्या साहेबांना विचारले होते का. दुसरी, सीसीतल्या प्रत्येकाला या विषयात काही करायचे आहे का, की काही जण केवळ प्रेक्षक म्हणून आहेत. तिसरी, वाक्ये कामाबद्दल आहेत की माणसाबद्दल. वरच्या मेलमधले पहिले आणि शेवटचे वाक्य कामाचे आहे, मधली तीन माणसाला लागावीत म्हणून लिहिलेली आहेत.

मेल फोडून वाचणे

असा मेल पहिल्यांदा वाचताना कान तापतात आणि नजर नेमकी त्या मधल्या वाक्यांवर खिळते. म्हणून तो दुसऱ्यांदा वाचताना कागद घेऊन त्यावर तीन रकाने पाडावेत: घटना, शेरे आणि मागणी. तारीख लावून तपासता येईल ते घटनेत जाते, उदाहरणार्थ «तीन वेळा आठवण केली» किंवा «अहवाल मिळालेला नाही». «नाचक्की», «गांभीर्य नसणे», «खेदजनक» हे सगळे शेऱ्यांत जाते. «उद्या सकाळी दहापर्यंत अहवाल» ही मागणी. लेखी उत्तर फक्त पहिल्या आणि तिसऱ्या रकान्याला द्यायचे असते. दुसरा रकाना टाकून द्यायचा नाही, पण त्याची वाट वेगळी आहे आणि ती पुढे सांगतो.

मेलचे डोकेही नीट पाहावे. आधीच्या पत्रव्यवहाराची साखळी खाली जोडलेली आहे, की नवा विषय टाकून कोरा मेल सुरू केला आहे? साखळी तोडली असेल तर सीसीतल्या वरिष्ठांना आधीचे काहीच दिसत नाही, आणि उत्तरात ते दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. सीसीत कंपनीबाहेरचा कोणी, विशेषतः ग्राहक, आहे का हेही पाहावे. टू आणि सीसी या दोन्ही ओळींत तुमचा किंवा तुम्ही असलेल्या गटाचा पत्ताच नसेल, तर तुम्हाला तो मेल बीसीसीत आलेला आहे. अशा मेलला चुकूनही रिप्लाय ऑल करू नये, कारण तुम्हाला गुपचूप कळवण्यात आले होते हे त्या क्षणी सगळ्यांना समजते.

रात्रीचा मसुदा

त्या मुलीने रात्री साडेदहाला उत्तर लिहिले आणि सुदैवाने पाठवण्याआधी मला फोनवर वाचून दाखवले. सुरुवात अशी होती: «सुधारित ड्रॉइंग आपण स्वतः गुरुवारी संध्याकाळी पाठवलेत हे आपण सोयीस्करपणे विसरलेले दिसता. तीन वेळा आठवण केल्याचा आपला दावाही धादांत खोटा आहे.» त्यातली माहिती खरी होती, पण मेल गेला असता तर दुसऱ्या दिवशी चर्चा ड्रॉइंगची न होता तिच्या भाषेची झाली असती. «सोयीस्करपणे» आणि «धादांत» या दोन शब्दांनी तिची सगळी बाजू बुडवली असती.

रात्री लिहायचेच असेल तर टू आणि सीसी या दोन्ही ओळी रिकाम्या करून लिहावे, म्हणजे बोट चुकले तरी मेल जात नाही. पाठवलेला मेल परत घेण्याच्या सोयींवर भिस्त ठेवू नये. जीमेलमधली `Undo Send` ही सोय जास्तीत जास्त 30 सेकंद चालते, आणि आउटलुकची `Recall` कंपनीबाहेर गेलेल्या मेलवर काही करू शकत नाही. आतल्या मेलवरही ती दर वेळी चालतेच असे नाही, आणि मेल परत घेण्याचा प्रयत्न झाला हे पलीकडच्याला कळले की कुतूहल वाढतेच.

पण थांबण्यालाही मर्यादा असते. आमच्याकडे रोज सकाळी साडेनऊला प्लँट हेडची उत्पादन बैठक होत असे, आणि रात्रीचा मेल तिथे निघणार हे उघड होते. म्हणून उत्तर त्याआधी पोचणे गरजेचे होते. तुमच्या कार्यालयात अशी बैठक नसेल तर कामाचा अर्धा दिवस ही ठीक मुदत आहे. नोंदी शोधायला त्याहून जास्त वेळ लागणार असेल, तर सर्वांना एकच ओळ पाठवावी: «मेल मिळाला. नोंदी पाहून आज दुपारी 4 पर्यंत उत्तर देते.» मग चार वाजता उत्तर द्यावेच.

उत्तर पाठवण्याआधी आपल्या साहेबांना फोन करावा, आणि हे मी सगळ्यात वरचे पथ्य मानतो. त्यांच्या विभागाची अब्रू चव्हाट्यावर आली आहे आणि तुमचे उत्तर त्यांना अकरा जणांबरोबर पहिल्यांदा वाचायला मिळाले, तर ते तुमच्या बाजूचे असूनही नाराज होतात. तिने साडेआठला फोन करून सांगितले, «सर, रात्रीच्या मेलला मी तारखांसह उत्तर देते आहे, तुम्हाला मसुदा पाठवू का?» त्यांनी मसुदा मागवला आणि त्यातले एक वाक्य काढायला लावले. ते काढल्याने मेल सुधारलाच.

तारखांची पट्टी

उत्तर लिहिण्याआधी सेंट आणि इनबॉक्स दोन्ही चाळून तारखा एका खाली एक मांडाव्यात. तिची पट्टी अशी निघाली. सोमवार 3 तारखेला विक्रीने अहवाल शुक्रवार 7 पर्यंत मागितला. बुधवारी 5 तारखेला एक आठवण आली. गुरुवारी 6 तारखेला संध्याकाळी 6.40 ला विक्रीकडूनच सुधारित ड्रॉइंग आले. त्यात दोन मापांचे टॉलरन्स बदलले होते, त्यामुळे पाचही नमुने मोजमापाच्या यंत्रावर पुन्हा चढवावे लागणार होते. शुक्रवारी 7 तारखेला तिने विक्री व्यवस्थापकांना फोन करून उशीर होईल असे सांगितले, पण मेल केला नाही. सोमवारी 10 तारखेला मोजमापे पूर्ण झाली, सही राहिली, आणि रात्री तो मेल आला.

ही पट्टी मांडण्याचा खरा उपयोग दुसऱ्याची चूक सापडण्यापेक्षा आपली चूक सापडण्यात आहे. शुक्रवारी फोन केला पण लेखी तारीख दिली नाही, ही तिची चूक होती, आणि ती समोरच्याने दाखवण्याआधी तिनेच लिहिणे हिताचे होते. फोनवरच्या बोलण्याला पुरावा नसतो. समोरचा «मला काही आठवत नाही» म्हणाला की तुमचे वाक्य लोंबकळत राहते.

सर्वांना एकच उत्तर

सर्वांसमोर झालेला चुकीचा आरोप सर्वांसमोरच, पण एकदाच, दुरुस्त करावा लागतो. फक्त पाठवणाऱ्याला खासगी उत्तर दिले तर बाकी अकरा जणांच्या मनात पहिला मेलच राहतो. म्हणून यादी तीच ठेवावी. आपल्या बाजूने नवा वरिष्ठ जोडू नये, कारण त्यांनी विक्री संचालक घेतले म्हणून आपण एमडी घ्यायचे, या शर्यतीत कनिष्ठच हरतो. ग्राहक सीसीत असेल तर त्याला मात्र वगळावे आणि पहिल्या ओळीत तसे लिहावे: «हा अंतर्गत विषय असल्याने ग्राहकाचा पत्ता वगळला आहे.»

आणि लिहिताना वाचक नेमका धरावा. हे उत्तर विक्री व्यवस्थापकांसाठी नसते, त्यांचे मत बदलणार नाही. ते प्लँट हेडसाठी असते, जो गाडीतून उतरताना मोबाइलवर पहिल्या चार ओळी वाचणार आहे. त्याला जाणून घ्यायचे असते की काम कधी होणार, आणि मग जमल्यास उशीर का झाला. म्हणून क्रम असा: आधी कामाची सद्यस्थिती, मग तारखा, मग आपली चूक, शेवटी पुढची हालचाल. मंगळवारी सकाळी 9.10 ला तिचा मेल गेला:

«नमस्कार सर,

नमुन्यांचा तपासणी अहवाल आज दुपारी 12 पर्यंत पाठवते. पाचही नमुन्यांची मोजमापे काल पूर्ण झाली असून विभागप्रमुखांची सही बाकी आहे.

अहवाल शुक्रवार दि. 7 रोजी द्यायचा होता. गुरुवार दि. 6 रोजी सायं. 6.40 ला सुधारित ड्रॉइंग मिळाले, तो मेल सोबत जोडला आहे. त्यात दोन मापांचे टॉलरन्स बदलल्याने सर्व नमुने पुन्हा मोजावे लागले.

उशीर होणार असल्याचे मी शुक्रवारी फोनवर सांगितले होते, परंतु सुधारित तारीख मेलने दिली नाही. ती द्यायला हवी होती.

ग्राहकाला कळवण्यासाठी आज दुपारी 12 ही वेळ गृहीत धरता येईल.»

या मेलमध्ये काय नाही ते पाहण्यासारखे आहे. «तीन वेळा आठवण» या विधानाला उत्तर नाही. लेखी आठवण एकच होती, पण तो आकडा खोडायला गेले की तीन की दोन की एक यावर तीन मेल होतात, आणि फोन धरायचा की नाही असा फाटा फुटतो. तारखा समोर असल्या की मोजणारा मोजतो. ड्रॉइंग कोणी पाठवले हेही लिहिलेले नाही, कारण जोडलेल्या मेलवर पाठवणाऱ्याचे नाव आहेच. साहेबांनी काढायला लावलेले वाक्य हेच होते: «ड्रॉइंग आपल्याच विभागाकडून उशिरा आले.» दहा वाजताची मागणी तिने निमूट मान्य केली नाही, कारण सही करणारे साहेब साडेदहाला मोकळे होणार होते. भरभरून «हो» म्हणून दुसऱ्यांदा चुकण्यापेक्षा दोन तास उशिराची खरी वेळ दिलेली बरी. बारा म्हटले आणि अहवाल पावणेबाराला गेला.

जोडपत्र म्हणून मूळ मेलच जोडावा, स्क्रीनशॉट नको. स्क्रीनशॉटमध्ये आगेमागे काय कापले ही शंका राहते. आणि एकच जोडावा. सात जोडपत्रे आली की वाचणारा एकही उघडत नाही आणि तुम्ही खटला लढवत आहात असे वाटते.

काही शब्दप्रयोग कार्यालयीन म्हणून सभ्य समजले जातात, पण लागतात तितकेच. «आपल्या माहितीसाठी», «कृपया नोंद घ्यावी», «मी आधीच स्पष्ट केल्याप्रमाणे», «खालील मेल पुन्हा वाचावा ही नम्र विनंती»: या सगळ्यांत नम्रतेच्या वेष्टनात टोमणा आहे आणि वाचणाऱ्याला तो बरोबर कळतो. प्रश्नचिन्हेही टाळावीत. «अशा वेळी मी काय करायला हवे होते?» असे विचारले की कोणीतरी उत्तर देतोच.

चूक पूर्णपणे तुमचीच असेल तर हेच उत्तर तीन ओळींत बसते: काय राहिले, कधी होईल, पुन्हा राहू नये म्हणून काय बदलले. कारणे लिहू नयेत, घरची अडचण तर नाहीच, ती अकरा जणांसाठी नसते. «मनःपूर्वक क्षमस्व» दोनदा लिहू नये, एकदा «दिलगीर आहे» पुरते.

शेऱ्यांची वाट

आता दुसरा रकाना. «साध्या कामाचेही गांभीर्य नाही» हे वाक्य तसेच सोडले तर पुढच्या महिन्यात पुन्हा येते. पण त्याला उत्तर देण्याची जागा वेगळी: काम मिटल्यावर, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, आधी फोनवर आणि मग फक्त त्या व्यक्तीला लिहिलेल्या मेलमध्ये. फोन आधी, कारण बरेचदा समोरच्यालाही संचालकांनी झापलेले असते आणि रात्रीचा मेल हा त्याचा खाली ढकललेला भार असतो. मेल नंतर, कारण नोंद राहायला हवी. तिने लिहिले:

«सर, आज फोनवर बोलल्याप्रमाणे, ड्रॉइंग बदलल्यास सुधारित तारीख मी त्याच दिवशी मेलने देईन. एक विनंती आहे. माझ्याकडून काही राहिल्यास आधी मला किंवा आमच्या विभागप्रमुखांना विचारावे. मला कामाचे गांभीर्य नाही असे सोमवारच्या मेलमध्ये अकरा जणांसमोर लिहिले गेले. ते मला योग्य वाटले नाही, म्हणून कळवत आहे.»

वाक्य जसे होते तसे उद्धृत करावे किंवा त्याच्या जवळात जवळ राहावे, «आपण माझा अपमान केलात» असे सारांशाने लिहू नये. अपमान झाला की नाही यावर वाद होऊ शकतो, ते वाक्य लिहिले होते यावर होत नाही. या मेलला उत्तर आले नाही. प्लँट हेडनी मात्र त्या दिवशी संध्याकाळी सर्वांना दोन ओळी पाठवल्या: अहवाल मिळाला, आणि यापुढे सुधारित ड्रॉइंग गुणवत्ता व नियोजन दोन्ही विभागांना एकाच वेळी जावे. विक्री व्यवस्थापकांनी दिलगिरी कधीच व्यक्त केली नाही. त्यांचा पुढचा तक्रारीचा मेल साधारण महिन्याभराने आला, सीसीत फक्त तिच्या विभागप्रमुखांचे नाव होते.

सर्वांना दिलेल्या उत्तरावर समोरून पुन्हा सर्वांना मेल आला तर दुसऱ्यांदा मुद्देसूद उत्तर देऊ नये. «या विषयावर आज 11 वाजता प्रत्यक्ष बोलूया, बैठकीत ठरलेले मी सर्वांना कळवते» एवढे लिहून बैठक बोलवावी, आणि बैठकीनंतर ठरलेल्या गोष्टी खरोखर कळवाव्यात. टिपण लिहिणाऱ्याच्या हाती शेवटचा शब्द राहतो.

मेल आपल्याच साहेबांचा असेल तर

ही सगळ्यात अवघड अवस्था, आणि इथे वरचा क्रम चालत नाही. आपल्या थेट वरिष्ठाला सर्वांसमोर दुरुस्त केले तर तारखा बरोबर असूनही तो उद्धटपणा ठरतो. अशा वेळी सर्वांना फक्त कामाची ओळ द्यावी, म्हणजे अहवाल कधी मिळेल ती, आणि तारखांची पट्टी साहेबांना एकट्याला पाठवावी. त्यात एक ठोस विनंती असावी: «ड्रॉइंग 6 तारखेला बदलल्याची माहिती प्लँट हेडना आपल्याकडून गेल्यास बरे होईल.» त्यांनी ती दिली नाही, तरी तुम्ही वेळेत आणि योग्य मार्गाने कळवले याची तारीखवार नोंद तुमच्याकडे राहते. वार्षिक मूल्यमापनात «कामात दिरंगाई» असा शेरा आला तर हाच मेल उपयोगी पडतो.

हे वारंवार होत असेल तर

एक मेल ही वाईट रात्र असू शकते, पण तीन-चार महिन्यांत तेच तीनदा झाले तर नोंद ठेवायला लागावे. तारीख, सीसीतल्या लोकांची संख्या, नेमके वाक्य आणि त्याआधी थेट विचारणा झाली होती का, एवढे चार रकाने पुरतात. मूळ मेल फाइल म्हणून जपावा. आउटलुकमधून तो `.msg` म्हणून साठवता येतो, तर जीमेलमध्ये `Download message` निवडल्यास `.eml` फाइल मिळते. या फाइलमध्ये मेलचे डोके, वेळ आणि मार्ग टिकून राहतात. या फाइली कार्यालयाच्याच यंत्रणेत ठेवाव्यात. सगळे मेल स्वतःच्या खासगी खात्यावर फॉरवर्ड करण्याचा मोह अनेकांना होतो, पण ग्राहकाची ड्रॉइंग आणि दर त्यात गेले तर बहुतेक कंपन्यांच्या नियमांनुसार तो भंग ठरतो आणि तक्रारदारच चौकशीत सापडतो.

कायद्याबद्दल थोडक्यात. कठोर, लागट मेल हा भारतात आपोआप गुन्हा होत नाही. बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे, पण अधिकार असलेल्या व्यक्तीने सद्भावनेने कामाबद्दल दिलेली समज आणि योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार यांना त्यात अपवाद आहेत, त्यामुळे कार्यालयीन मेल त्या चौकटीत बसवणे कठीण जाते. मजकुरात लैंगिक शेरा असेल तर मात्र गोष्ट वेगळी. कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. पीडित महिलेने या समितीकडे घटनेपासून, किंवा घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, 3 महिन्यांत लेखी तक्रार करायची असते. सबळ कारण असल्यास समिती ही मुदत आणखी 3 महिन्यांपर्यंत वाढवू शकते. जातीवरून अपमान असेल तर एचआरच्या समजुतीवर न थांबता वकिलाचा सल्ला घ्यावा.

बाकी प्रकरणांत तक्रार एचआरकडे जाते, आणि ती फसते बहुधा एकाच कारणाने: त्यात त्रास लिहिलेला असतो, मागणी नसते. «मानसिक छळ होत आहे, न्याय मिळावा» यावर एचआरला करता येण्यासारखे काही नसते, म्हणून फाइल तशीच राहते. त्याऐवजी तीन मेलच्या तारखा, प्रत्येकातले एक वाक्य, आपण एकट्याला पाठवलेल्या विनंतीची तारीख आणि मग नेमकी मागणी लिहावी: कामातल्या त्रुटी आधी संबंधित विभागप्रमुखांमार्फत कळवल्या जाव्यात, आणि 24 तासांत उत्तर न आल्यास सीसीत फक्त दोन्ही विभागप्रमुख असावेत. अशी मागणी एचआरला एका परिपत्रकाच्या ओळीत उतरवता येते, आणि तक्रार पानभर लांबीच्या आत राहिली तर तिथले माणूस ती शेवटपर्यंत वाचतेही.